मुरुमांच्या त्वचेवरचा मेकअप: निवड करताना रात्रीचा विचार आधी

प्रश्न: माझं वय २६. त्वचा तेलकट आहे, गालांवर आणि हनुवटीच्या कडेने मुरूम येतात. डॉक्टरांनी दिलेली अडापालीन जेल तीन महिन्यांपासून रोज रात्री लावतेय. ठाणे ते अंधेरी रोजची ये-जा असते. ऑफिससाठी फुल कव्हरेज फाउंडेशन, स्टिक कन्सीलर आणि वरून कॉम्पॅक्ट लावते. रात्री वाइप्सने पुसून फेसवॉश करते. तरी गालांवर बारीक दाणे वाढतच चाललेत. मेकअप बंद करू का? नाहीतर कोणता घेऊ, आणि काढू कसा?

उत्तर:

बंद करायची गरज नाही, पण तुमच्या सध्याच्या तीन गोष्टींचं आपसात जमत नाही: दिवसभर न हलणारं फाउंडेशन, अडापालीनमुळे संवेदनशील झालेली त्वचा, आणि वाइप्स. पहिली गोष्ट वाइपने सहजी निघत नाही, म्हणून तुम्ही जोर लावून घासता. ते घासणं दुसरीला सोसत नाही. आणि इतकं घासूनही फाउंडेशनचा एक थर उरतोच, तो नाकाच्या बाजूला, केसांच्या रेषेला आणि जबड्याच्या कडेला सरकून बसतो. तुमचे मुरूम हनुवटीच्या कडेनेही येतात, म्हणून माझा पहिला संशय मेकअप काढण्याच्या पद्धतीवर आहे आणि दुसरा फाउंडेशनवर.

सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचं वर्णन क्लिगमन आणि मिल्स या दोन अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७२ साली केलं. त्यात मुख्यतः त्वचेच्याच रंगाचे, बंद तोंडाचे, न दुखणारे बारीक दाणे असतात आणि ते गाल-हनुवटीवर जास्त दिसतात. असा दाणा एका रात्रीत येत नाही. रंध्राच्या आत साचत साचत तो वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. त्यामुळे परवा घेतलेल्या वस्तूला दोष देण्यात अर्थ नसतो. गेल्या एक ते तीन महिन्यांत काय नवं सुरू झालं ते आठवून पाहा.

मेकअपला दोषी ठरवण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासा. दाणे सगळे एकसारखे, खाज येणारे आणि कपाळावर किंवा केसांच्या रेषेजवळ असतील, तर ते यीस्टमुळे होणारे दाणे असू शकतात. दमट हवेत आणि घामात ते वाढतात, आणि त्यांच्यावरचं औषध मुरुमांच्या औषधाहून वेगळं असतं. दुसरी गोष्ट केसांच्या तेलाची. रात्री डोक्याला खोबरेल लावून झोपत असाल, तर ते उशीवरून गालापर्यंत पोहोचतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मेडिकलमधून आणलेलं एखादं ‘डाग घालवणारं’ किंवा ‘गोरं करणारं’ क्रीम चेहऱ्याला लावत असाल, तर त्याच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का ते वाचा. ही स्टिरॉइड्स आहेत. ती स्वतःच मुरूम आणतात आणि अचानक बंद केली की चेहरा आणखी भडकतो. तसं काही निघालं तर ते कसं थांबवायचं हे डॉक्टरांनाच विचारा. मेकअपचा प्रश्न त्यानंतरचा.

आता फाउंडेशन. बाटलीवरचा ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, हा शब्द उपयोगी आहे, पण ती खात्री नव्हे. त्याला कायद्याने ठरवून दिलेली व्याख्या नाही. कोणता घटक रंध्रं बुजवतो याच्या जुन्या याद्या बऱ्याच अंशी सशाच्या कानावरच्या चाचण्यांतून आल्या आहेत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी लवकर प्रतिक्रिया देतो, शिवाय तिथे अनेकदा घटक एकटा आणि मोठ्या प्रमाणात लावला जायचा. म्हणून यादीतलं एक नाव दिसलं की बाटली फेकायची, असं करू नका. घटक साधारणपणे जास्तीपासून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात. पहिल्या सात-आठ नावांत आयसोप्रोपिल मिरिस्टेट, आयसोप्रोपिल पाल्मिटेट, खोबरेल तेल, कोको बटर किंवा लॅनोलिन असेल तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही. तीच नावं यादीच्या अगदी शेवटी असतील तर घाबरायचं कारण नाही.

सिलिकोनबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती आहे. डायमेथिकोन रंध्रं बुजवत नाही, उलट ते तेलाशिवाय त्वचेवर मऊ, पातळ पसरतं. रंगासाठी वापरलेले आयर्न ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचाही मुरुमांशी संबंध नाही. पाहायचं ते वेगळंच. ‘२४ तास टिकणारं’, ‘ट्रान्सफर-प्रूफ’, ‘वॉटरप्रूफ’ असं लिहिलेल्या बाटलीत बहुधा ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेटसारखं चिवट थर धरणारं रेझिन असतं. लावल्यावर त्यातला उडून जाणारा भाग उडतो आणि रंगाचा थर त्वचेला घट्ट धरून राहतो. हे रेझिन स्वतः मुरूम आणत नाही, पण साध्या फेसवॉशला ते दाद देत नाही, आणि मग घासाघास सुरू होते. लग्नाच्या दिवशी ते जरूर लावा. आठवड्यातले पाच दिवस नको.

तुम्ही घ्यायचं ते पातळ, द्रवरूप, हलकं ते मध्यम झाकणारं, सुगंधाविना, ‘ऑइल-फ्री’ फाउंडेशन किंवा स्किन टिंट. फुल कव्हरेजचा हट्ट सोडा, कारण त्यात आठ-दहा डाग झाकण्यासाठी अख्खा चेहरा रंगवला जातो. तुमच्या चेहऱ्याचा बराचसा भाग स्वच्छ आहे, त्याला फक्त एकसारखा रंग हवाय. डागांचं काम कन्सीलरकडे द्या.

सकाळचा क्रम असा ठेवा. साध्या पाण्याने किंवा सौम्य क्लेंझरने चेहरा धुऊन जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावा. अडापालीन वापरणाऱ्यांनी ते टाळू नये, तेलकट त्वचा असली तरी. त्यावर दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन. फाउंडेशनवर छापलेल्या एसपीएफवर विसंबू नका. तो आकडा मिळवायला जेवढं फाउंडेशन लावावं लागेल तेवढं कोणी लावत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. ही वाट पाहणं टाळलं की फाउंडेशन लावताना सनस्क्रीनच्या बारीक गोळ्या सुटतात, आणि मग त्या झाकायला आणखी थर चढतो. फाउंडेशन अर्धा पंप, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढं, आधी हाताच्या पालथ्या बाजूला घ्या. नाकाच्या दोन्ही बाजूंपासून बाहेरच्या दिशेने थोपटत न्या आणि जबड्याच्या कडेला जवळजवळ संपवा. ब्रश फिरवू नका, थोपटा. फिरवल्याने अडापालीनमुळे सुटलेली कोरडी पापुद्री उचलली जाते आणि रंग तिच्यावर गोळा होतो. अशी पापुद्री दिसली की स्क्रब घेऊन घासायचा मोह होईल, तो आवरा. पापुद्री जास्त मॉइश्चरायझर मागतेय, किंवा जेल एक दिवसाआड करायची वेळ आली आहे. दुसरी गोष्ट डॉक्टरांना विचारून ठरवा.

स्टिक कन्सीलर सोडा, आणि त्याची कारणं दोन आहेत. कांडीसारखा आकार धरायचा तर त्यात मेण आणि बहुधा जड तेलं लागतात. आणि ती कांडी आपण थेट मुरुमावर फिरवतो. तिथला घाम, तेल, जंतू तिच्यावर चढतात आणि ती उद्या पुन्हा चेहऱ्यावर येते. ट्यूबमधला किंवा छोट्या दांडीचा द्रव कन्सीलर घ्या, मॅट किंवा नैसर्गिक फिनिशचा. दांडी चेहऱ्याला लावू नका; हातावर थेंब काढून बारीक ब्रशने उचला.

रंग निवडताना बहुतेकींची गल्लत होते. डोळ्यांखालच्या कन्सीलरसारखा एक छटा उजळ रंग मुरुमावर लावला, तर मुरूम झाकला न जाता उठून दिसतो. मुरुमावर आणि डागावर फाउंडेशनचीच छटा हवी. हिरव्या करेक्टरचा सल्ला गोऱ्या त्वचेवरच्या लालभडक मुरुमांसाठी आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर उरतात ते तपकिरी डाग, आणि त्यांच्यावर हिरवा लावला की राखाडी ठिपका दिसतो. तपकिरी डागाला पीच रंगाचा करेक्टर, त्वचा जास्त सावळी असेल तर नारिंगीकडे झुकणारा, तोही तांदळाच्या दाण्याएवढा सगळ्या डागांना मिळून पुरतो. वरून कन्सीलर.

लावायची पद्धत अशी. फाउंडेशन झाल्यावरच कन्सीलर घ्या, म्हणजे किती झाकायचं उरलंय ते कळतं. ब्रशच्या टोकाने फक्त डागावर ठिपका ठेवा आणि अर्धा ते एक मिनिट त्याला हात लावू नका. तेवढ्यात तो किंचित घट्ट होतो. मग मध्य न हलवता फक्त कडा थोपटून आजूबाजूला मिसळा. लगेच पसरवलं तर सगळा रंग बाजूला जातो, डाग तसाच राहतो, आणि दुसरा-तिसरा थर लागतो. उंच आलेल्या मुरुमाबाबत एक मर्यादा मान्य करावी लागते: त्याचा रंग झाकता येतो, उंचवटा नाही. जितका रंग थापाल तितकी त्याची सावली जास्त दिसेल. फुटलेल्या, ओल्या किंवा खपली धरलेल्या मुरुमावर काहीच लावू नका. त्या दिवशी तिथे जखमेतली ओल शोषून घेणारी पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी लावून तशीच राहू द्या. तिच्यावर मेकअप धरत नाही, आणि तेच बरं; बोटं तिथे जात नाहीत.

पावडरबद्दल थोडक्यात. सिलिका असलेली, रंग नसलेली लूज पावडर कॉम्पॅक्टपेक्षा तुम्हाला जास्त मानवेल. कॉम्पॅक्ट वडीसारखी बसवायला त्यात तेल किंवा स्टिअरेटसारखा बांधणारा घटक घालतात; तेवढ्याने नुकसान होतंच असं नाही, खरा त्रास तिच्यातल्या पफचा असतो. महिनोन् महिने न धुतलेला तो पफ दिवसातून तीनदा तेलकट गालावर दाबला जातो. सकाळी मऊ ब्रशने कपाळ, नाक आणि हनुवटीवर पावडरचा एकच हलका हात द्या, गाल जवळजवळ सोडून द्या. लोकलमधून उतरल्यावर घामावर पावडर मारू नका, तिचा लगदा होतो आणि तो रंध्रांच्या तोंडाशी बसतो. आधी टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर दाबून घाम-तेल टिपा, पुसू नका. त्यानंतर बहुतेक वेळा पावडर लागतच नाही.

आता रात्र. ‘रात्र’ हा शब्दच इथे थोडा घात करतो, कारण साडेसातला घरी आलेली मुलगी अकराला पेंगत पेंगत वाइप उचलते. घरी येऊन पाणी प्यायलात की लगेच मेकअप काढा. मग झोपताना फक्त जेल लावायची उरते. शिवाय अडापालीन पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायची असते, ओल्या त्वचेवर ती जास्त जळजळते, म्हणून हे मधले तास कामाला येतात.

आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. चेहराही कोरडाच ठेवा. क्लेंझिंग बाम किंवा क्लेंझिंग ऑइल घ्या: बाम असेल तर एका मोठ्या वाटाण्याएवढा, ऑइल असेल तर दोन पंप. त्यात पाण्याशी मिसळणारा इमल्सिफायर असला पाहिजे. घटकांत पॉलिसॉर्बेट, सॉर्बेथ किंवा ‘पीईजी’ने सुरू होणारं नाव दिसेल. नुसतं खोबरेल तेल इथे चालत नाही. मेकअप ते विरघळवतं खरं, पण पाण्याने निघत नाही; विरघळलेला रंग आणि तेल दोन्ही चेहऱ्यावर राहतात, आणि मग त्यांना काढायला कडक फेसवॉश दोनदा लागतो.

बोटांच्या पेरांनी, अंगठीच्या बोटाइतक्याच जोराने, साधारण एक मिनिट गोल फिरवा. गालांवर कमी वेळ, नाकाच्या बाजू, भुवया, केसांची रेषा आणि कानापासून हनुवटीपर्यंतची कड यांना जास्त. दोन-तीन मिनिटं मसाज करत ‘घाण बाहेर काढण्याचे’ व्हिडिओ फिरतात, ते करू नका. पेरांना लागणारे कण बहुधा त्वचेचा वरचा थर आणि मेकअप असतात, आणि जास्त चोळण्याने सुजत आलेला मुरूम आतल्या आत फुटतो. आता ओंजळीत थोडं कोमट पाणी घेऊन चेहऱ्यावर लावा आणि पुन्हा १५-२० सेकंद फिरवा. तेल दुधासारखं पांढरं होईल. ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते आणि क्लेंझिंग ऑइलने पुरळ उठलं अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. पांढरं झाल्याशिवाय ते धुतलं जात नाही. मग भरपूर पाण्याने धुवा.

त्यानंतर सौम्य, फारसा फेस न करणारा क्लेंझर ३०-४० सेकंद. तुमचा सध्याचा फेसवॉश सॅलिसिलिक अॅसिडचा असेल तर अडापालीन सुरू असेपर्यंत तो रोज वापरू नका. दोन्ही मिळून त्वचा ताणल्यासारखी होते, आणि ताणलेली, लालसर त्वचा मुरुमांना आणखी वाट करून देते. साबणाची वडी तर नकोच, विशेषतः बोअरवेलचं जड पाणी असेल तिथे. साबण आणि जड पाणी मिळून जो साका होतो तो त्वचेवर बसतो. धुतल्यावर मऊ स्वच्छ टॉवेलने टिपा. तो टॉवेल चेहऱ्यापुरता वेगळा ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बदला.

बाम नको असेल, किंवा आधीच यीस्टचे दाणे असल्याचं निदान झालं असेल, तर मायसेलर वॉटर चालेल, पण वाइपसारखं नाही. कापूस चांगला भिजवा, गालावर दहा सेकंद नुसता दाबून धरा, मग एकाच दिशेने हलका ओढा. रंग निघायचा थांबेपर्यंत नवा कापूस घेत जा. बाटलीवर ‘धुवायची गरज नाही’ लिहिलेलं असलं तरी धुवा, कारण त्यातले साफ करणारे घटक त्वचेवर राहिले तर अडापालीनखाली चुरचुरतात. नुसता टिंट आणि पावडर लावली असेल, सनस्क्रीनही वॉटरप्रूफ नसेल, तर दोन पायऱ्यांचीही गरज नाही. एकच सौम्य क्लेंझर पूर्ण एक मिनिट लावला तरी पुरतो. दोनदा धुणं हा नियम नाही, लावलेला थर किती चिवट आहे त्यावर ते ठरतं.

नीट निघालं की नाही हे कसं कळायचं? चेहरा धुऊन कोरडा झाल्यावर मायसेलरने भिजवलेला पांढरा कापूस जबड्याच्या कडेवर आणि केसांच्या रेषेवर एकदा फिरवा. त्याच्यावर फाउंडेशनचा तपकिरी रंग आला तर पहिली पायरी कमी पडतेय. ही तपासणी नव्या वस्तूच्या पहिल्या दोन-तीन रात्री करा, मग सोडून द्या. कापूस अगदी पांढराशुभ्र दिसेपर्यंत रोज पुसत बसलात तर वाइप्सचंच काम परत सुरू होईल. उलट बाजूची खूणही लक्षात ठेवा: धुतल्यावर पाच मिनिटांत गाल ओढल्यासारखे वाटले, पाणी लागताच चुरचुरले, तर तुम्ही जास्त साफ करताय.

मग किमान वीस मिनिटांनी, नाहीतर झोपताना, अडापालीन अख्ख्या चेहऱ्याला मिळून एका वाटाण्याएवढी. ती फक्त मुरुमावर ठिपका म्हणून लावायची नसते. वरून मॉइश्चरायझर. बेंझॉइल पेरॉक्साइडही चालू असेल तर पांढऱ्या उशीच्या अभ्र्याशिवाय झोपू नका, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं.

ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवा आणि आडवे वाळवा. ओला स्पंज दर वापरानंतर धुवायला हवा आणि पूर्ण वाळायला हवा. मुंबईच्या जून ते सप्टेंबरात तो वाळतच नाही, बंद पाऊचमध्ये तर मुळीच नाही. पावसाळ्यात स्पंज बाजूला ठेवून स्वच्छ बोटांनी फाउंडेशन लावा.

सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तुमच्या बाबतीत क्रम असा घ्या. आज वाइप्स बंद, क्लेंझिंग बाम आणि सौम्य क्लेंझर सुरू. कॉम्पॅक्टचा पफ धुवा. बाकी मेकअप आहे तोच. पहिल्या दोन आठवड्यांत लाली आणि चुरचुर कमी झाली, तर घासण्याचा वाटा होता हे सिद्ध झालं. दाणे तेवढ्यात जाणार नाहीत, त्यांच्यासाठी सहा ते आठ आठवडे धरा. तोवर नवे यायचे थांबले का एवढंच पाहा. दर रविवारी खिडकीपाशी त्याच उजेडात दोन्ही गालांचे फोटो काढा, आरशातल्या अंदाजावर जाऊ नका. नवे येतच राहिले तर फाउंडेशन बदला आणि पुन्हा तेवढाच काळ द्या. स्टिक कन्सीलर मात्र आजच सोडला तरी चालेल, तो फक्त डागांवर जात असल्याने त्याने हिशेब फारसा बिघडत नाही.

काही गोष्टी या सगळ्याच्या बाहेरच्या आहेत. हनुवटीच्या कडेला खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, त्यासोबत पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर जाड केस येत असतील, तर मेकअप कितीही बदलला तरी मुरूम येत राहतील. त्यासाठी हार्मोन्सची तपासणी लागते. खड्डे पडू लागले असतील तर सहा आठवडे वाट पाहू नका, लवकर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि गर्भधारणेचा विचार असेल तर अडापालीनबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा, ती त्या काळात टाळतात.